कॅशबुक आणि पासबुक जुळत नाही? पेन्सिल घ्या, एका दुकानाचा मार्च महिना सोबत बसून जुळवू

आमच्या ऑफिसला दरवर्षी एप्रिलमध्ये नवीन मुलं येतात, बी.कॉम. झालेली, टॅली येतं म्हणणारी, आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी फाइल घेऊन येतं, मॅडम बॅलन्स जुळत नाहीये. मी विचारते, किती फरक आहे. तो आकडा सांगतो. मग मी विचारते, कोणाचं जास्त आहे, कॅशबुकचं का पासबुकचं, आणि इथे दहातले आठ गप्प बसतात. सगळं काम त्या दुसऱ्या प्रश्नावर चालतं, म्हणून तिथूनच सुरू करूया.

खालचं उदाहरण एका इलेक्ट्रिकच्या दुकानाचं घेतलंय. करंट खातं, महिन्याला साठ-सत्तर एंट्र्या, शेठ स्वतः गल्ल्यावर आणि त्यांचा मुलगा कॅशबुक लिहितो. मार्चअखेरची स्थिती अशी.

कॅशबुकप्रमाणे बँकेत शिल्लक: १,४७,३८०
पासबुकप्रमाणे शिल्लक: १,६२,३५३
फरक: १४,९७३, पासबुक जास्त

हे घेऊन जो मुलगा माझ्याकडे आला होता तो खूश होता. त्याने स्टेटमेंट चाळलेलं, त्यात १५,००० चा एक चेक परत आलेला सापडला, म्हणे मॅडम मिळालं, पंधरा हजार हे, उरले २७ रुपये, ते काहीतरी चार्जेस असतील. आकडा इतका जवळ की कुणालाही वाटावं झालं काम. पण थांबा, चेक परत आला म्हणजे बँकेने पैसे काढून घेतले, म्हणजे पासबुक कमी व्हायला पाहिजे, आणि आपल्याकडे पासबुक जास्त आहे. म्हणजे तो चेक फरकात आहे खरा पण उलट्या बाजूने आहे, आणि त्याला झाकून वर पंधरा हजाराचा फरक दाखवणारं अजून बरंच काही आत लपलंय. फरकाच्या आकड्याकडे बघून अंदाज बांधायचा नाही तो यासाठी. शेवटी या १४,९७३ मध्ये सात वेगवेगळ्या गोष्टी निघाल्या.

बसायच्या आधी काय काय पाहिजे

कॅशबुकचा मार्च महिना (टॅली असेल तर बँक लेजर), बँकेचं १ ते ३१ मार्चचं स्टेटमेंट, चेकबुकचे काउंटर, भरणा स्लिपांचे काउंटर, आणि फेब्रुवारीअखेरचं बँक जुळवणी पत्रक. हे शेवटचं हमखास कुणी आणत नाही, आणि त्याच्याशिवाय बसूच नका, का ते पुढे सांगते.

पासबुक शक्यतो नको, स्टेटमेंट घ्या. पासबुक बरेच दिवस प्रिंट केलं नसेल तर काही बँका मधल्या एंट्र्यांची एकत्र बेरीज करून एकच ओळ छापतात आणि मग तुम्ही काय टिक करणार. नेट बँकिंगवरून काढलेल्या स्टेटमेंटमध्ये प्रत्येक ओळ सुटी मिळते. या लेखात मी पासबुक पासबुक म्हणणारे सवयीने, हातात स्टेटमेंट आहे असं समजा.

आणि शिल्लक घ्यायची ती ३१ मार्चच्या शेवटच्या एंट्रीसमोरची. एकदा एकीने आजची शिल्लक घेतली होती, म्हणजे ९ एप्रिलची, आणि दुपारपर्यंत मार्चचा फरक शोधत बसली होती. हसू नका, तुमच्याकडूनही होईल.

आरसा एकदा डोक्यात बसवा

कॅशबुकात बँकेत पैसे आले की आपण बँक खातं डेबिट करतो, मराठी पुस्तकात नावे. तेच पैसे बँकेच्या वहीत आपल्या खात्याला क्रेडिट, जमा. बँकेच्या दृष्टीने ती आपलं देणं लागते म्हणून. त्यामुळे आपल्या डेबिट बाजूची टिक त्यांच्या क्रेडिट कॉलमला आणि आपल्या क्रेडिटची त्यांच्या डेबिटला. नवीन मुलं डेबिटला डेबिट लावायला जातात आणि एकही एंट्री जुळत नाही म्हणून घाबरतात. त्यात घरात जुनी कीर्द लिहिणारे आजोबा असतील तर अजून गोंधळ, कारण त्या कीर्दीत आलेले पैसे जमेच्या बाजूला लिहितात. म्हणून मी सांगते, नावे-जमा तासभर बाजूला ठेवा, नुसतं "पैसे आले" आणि "पैसे गेले" असं म्हणत टिक करा.

ओव्हरड्राफ्ट असेल, म्हणजे बँकेचंच आपल्याकडे येणं असेल, तर शिल्लक मायनसमध्ये धरा आणि पुढचं सगळं गणित तसंच करा, वेगळे नियम पाठ करायची गरज नाही.

पहिली पायरी: मागच्या महिन्याचे अडकलेले आधी उडवा

फेब्रुवारीच्या जुळवणी पत्रकात एक चेक पेंडिंग होता, नंबर शेवटचे तीन आकडे ३९८, रक्कम ५,२००, दिला होता २६ फेब्रुवारीला. मार्चच्या स्टेटमेंटमध्ये तो ५ तारखेला वटलेला दिसतोय. पण मार्चच्या कॅशबुकात तो शोधलात तर सापडणार नाही, कारण तो फेब्रुवारीतच लिहून झालाय. ज्याच्याकडे जुनं पत्रक नाही त्याला वाटतं अरे ५,२०० बँकेने कापले आणि आपल्याकडे एंट्रीच नाही, तो नवीन एंट्री मारतो, आणि एकच पेमेंट दोनदा. सप्लायरचं खातं मग वर्षभर ५,२०० ने चुकीचं राहतं आणि सप्लायर म्हणतो मला एकदाच मिळालेत.

म्हणून पहिल्यांदा मागच्या पत्रकातली प्रत्येक ओळ या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये शोधायची. सापडली की दोन्हीकडे टिक. नाही सापडली तर ती ओळ जशीच्या तशी या महिन्याच्या पत्रकात उतरते.

दुसरी पायरी: टिका

आता मार्चचं कॅशबुक आणि स्टेटमेंट समोरासमोर. एकजण वाचतो एकजण टिक करतो असं केलं तर तासाभरात होतं, एकट्याने केलं तर पट्टी ठेवून करा. रक्कम, चेक नंबर आणि दिशा, म्हणजे पैसे आले का गेले, हे तिन्ही जुळलं तरच टिक. नुसती रक्कम जुळली म्हणून टिक मारायची नाही. या दुकानात दोन गिऱ्हाइकांनी ३,५०० चेच ट्रान्सफर केले होते, एक मार्चच्या सुरुवातीला एक शेवटी, अशा ठिकाणी तारीख आणि नाव बघा.

तारखा मागेपुढे असल्या तर चालतं, आपण ११ ला चेक दिला आणि बँकेत १४ ला वटला, टिक. उलटं झालं, म्हणजे बँकेत ११ ला गेला आणि आपल्याकडे १४ ला लिहिलाय, तर लिहिणारा मागून आठवून लिहितोय असं समजा आणि त्या महिन्याचं सगळं कॅशबुक थोडं संशयाने बघा.

एंट्र्या शेकड्याने असतील तर दोन्ही याद्या एक्सेलमध्ये दोन शीटवर टाका, एक Cash एक Bank, आणि पैसे आलेल्या रकमांसाठी एक आणि गेलेल्यांसाठी एक असा हा फॉर्म्युला ओढा. उत्तर शून्य आलं तर ती रक्कम दोन्हीकडे तितक्याच वेळा आहे. शून्याशिवाय काही आलं की तिथे डोळ्याने बघायचं.

```
=COUNTIF(Cash!D:D,D2)-COUNTIF(Bank!E:E,D2)
```

इथे Cash मधला D आणि Bank मधला E हे रकमांचे कॉलम धरलेत, तुमचे वेगळे असतील तर अक्षरं बदला. हा Cash शीटमध्येच टाका, आणि मग उलटा, म्हणजे D2 च्या जागी E2 घेऊन, Bank शीटमध्येही टाका, नाहीतर फक्त बँकेत असलेल्या एंट्र्या दिसणारच नाहीत, आणि खरा माल तिथेच असतो.

तिसरी पायरी: टिक न झालेल्यांच्या दोन राशी करा

टिका मारून झाल्यावर दोन्हीकडे मिळून थोड्याच ओळी उरतात. आमच्या दुकानात या उरल्या.

कॅशबुकात उरलेल्या:
चेक ४१२, २४ मार्च, वायरवाल्या सप्लायरला दिला, २८,५००
चेक ४१५, ३० मार्च, गोडाउन भाडं, १२,०००
गिऱ्हाइकाचा चेक ३१ मार्चला संध्याकाळी ड्रॉप बॉक्समध्ये टाकला, १८,७५०
कार्ड स्वाइपने विक्री, २७ मार्च, २०,०००
चेक ४०७, पंख्याच्या सप्लायरला, ७,५३०

स्टेटमेंटमध्ये उरलेल्या:
एनईएफटीने आले, २२ मार्च, ९,४००
चेक रिटर्न, २० मार्च, १५,००० आणि त्याचा दंड २९५
चार्जेस, ३१ मार्च, ५९०
कार्ड मशिनचे जमा, २८ मार्च, १९,५२८
चेक ४०७ वटला, ७,३५०

आता प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा. मी काहीच केलं नाही, नुसती वाट बघितली, तर हे आपोआप जुळेल का?

पहिले दोन चेक जुळतील. वायरवाला आणि गोडाउन मालक आज ना उद्या बँकेत टाकतील. ड्रॉप बॉक्समधला चेकही जुळेल, १ एप्रिलला बँकेचं वार्षिक क्लोजिंग असतं, व्यवहार बंद, त्यामुळे तो २ तारखेला दिसेल. ही झाली वाट बघायची रास. यांची कॅशबुकात कसलीही एंट्री करायची नाही, फक्त पत्रकात लिहायचं.

बाकीच्या कितीही वाट बघितली तरी जुळणार नाहीत. एनईएफटीचे पैसे येऊन बसलेत आणि आपल्याला माहीतच नव्हते, चार्जेस कापले गेलेत, चेक परत आलाय, कमिशन गेलंय, आकडा चुकलाय. या सगळ्यांची एंट्री आपल्या कॅशबुकात झाली पाहिजे, आणि मार्चअखेर असल्यामुळे मार्चच्याच तारखेला, नाहीतर खर्च पुढच्या वर्षात जाईल.

क्वचित तिसरी रास निघते, बँकेची स्वतःची चूक, म्हणजे दुसऱ्या कुणाचा चेक आपल्या खात्याला पडला वगैरे. त्याचीही एंट्री करू नका, शाखेला लेखी पत्र द्या, पोच घ्या आणि पत्रकात "बँकेने दुरुस्त करायचे" म्हणून लिहून ठेवा. पण बँकेची चूक म्हणायच्या आधी शेठचं दुसरं खातं तपासा. करंटला भरायचे पैसे सेव्हिंगला भरले असं फार होतं, स्लिपवर चुकीचा नंबर आपणच टाकलेला असतो.

चौथी पायरी: एंट्र्या, आणि इथे जरा हळू जाऊ

*परत आलेला चेक.* १८ मार्चला गिऱ्हाइकाचा १५,००० चा चेक भरला, कॅशबुकात लिहिला, गिऱ्हाइकाच्या खात्यातले पैसे वळते केले. २० ला बँकेने परत केला. नवीन मुलं काय करतात, तर १८ तारखेची एंट्रीच डिलीट करतात, शिल्लक बरोबर येते ना मग झालं. पण मग स्टेटमेंटमध्ये १५,००० आलेही आणि गेलेही, दोन ओळी, आणि वहीत एकही नाही, पुढच्या वेळी तपासणाऱ्याला काय कळणार. शिवाय चेक परत आला होता याचा वहीत काही पुरावाच उरत नाही. पहिली एंट्री तशीच ठेवा आणि २० तारखेला उलटी एंट्री मारा, गिऱ्हाइकाचं खातं डेबिट, बँक क्रेडिट, १५,०००. दंडाची वेगळी. २९५ म्हणजे २५० दंड आणि १८ टक्के जीएसटीचे ४५. हा दंड गिऱ्हाइकाकडून वसूल करायचा असेल तर त्याच्या खात्याला टाका, नसेल तर बँक चार्जेसला, हे शेठला विचारायचं, आपण ठरवायचं नाही.

आणि ही ओळ सापडली की शेठला त्याच दिवशी फोन करा, पत्रक पूर्ण व्हायची वाट बघू नका. खात्यात पैसे नाहीत म्हणून चेक परत आला असेल तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली नोटीस द्यायला बँकेकडून कळल्यापासून ३० दिवस मिळतात, मग समोरच्याला पैसे भरायला १५ दिवस. चेकसोबत बँक देते तो रिटर्न मेमो २० मार्चला हातात पडला असेल तर १९ एप्रिलच्या आत नोटीस गेली पाहिजे, आणि आपण मार्चचं काम घेऊन बसतो तेव्हा एप्रिलची दहा तारीख उजाडलेली असते. मेमो दुकानातच कुठेतरी पडलेला असतो, गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये बिलांच्या खाली. त्यावर परत येण्याचं कारण लिहिलेलं असतं ते वाचा, पुढचं वकील बघेल.

*एनईएफटीचे ९,४००.* स्टेटमेंटच्या नॅरेशनमध्ये यूटीआर नंबर आणि पाठवणाऱ्याचं नाव आहे, पण नाव कुणाचं, तर कुठल्यातरी बाईंचं, आणि आपल्या उधारीच्या यादीत त्या नावाचं कुणीच नाही. दुकान असतं नवऱ्याच्या नावावर आणि पैसे येतात बायकोच्या खात्यातून, हे रोजचं आहे. म्हणून ९,४०० ची उधारी कुणाची आहे ते शोधलं, एका वायरमनचं बिल निघालं, त्याला फोन केला, हो म्हणाला घरच्या खात्यातून टाकलेत. मग बँक डेबिट, वायरमनचं खातं क्रेडिट. पत्ता लागला नसता तर सस्पेन्स खात्याला टाकून समोर यूटीआर लिहून ठेवलं असतं. विक्रीला मात्र टाकायचं नाही, विक्री बिल फाडलं तेव्हाच धरलीय, परत धरली तर दोनदा होईल आणि जीएसटीही दोनदा भरावा लागेल.

*कार्डचे २०,०००.* एका गिऱ्हाइकाने क्रेडिट कार्ड स्वाइप करून वीस हजाराचा माल नेला. मुलाने कॅशबुकात २०,००० लिहिले, बरोबरच आहे, बिल तेवढ्याचंच होतं. पण बँकेत दुसऱ्या दिवशी १९,५२८ आले. दोन टक्के कमिशन, ४०० रुपये, आणि त्यावर १८ टक्क्यांनी ७२. हे ४७२ खर्चाचे आहेत, बँक क्रेडिट, कमिशन ४०० डेबिट, जीएसटी ७२ डेबिट. विक्री कमी करून १९,५२८ लिहायची नाही. इथे एकच स्वाइप होता म्हणून पटकन दिसलं, दिवसाला आठ-दहा स्वाइप असतात तेव्हा बँकेत एकच एकत्र रक्कम येते, कमिशन वजा होऊन, तेव्हा मशिनचा त्या दिवसाचा सेटलमेंट रिपोर्ट काढल्याशिवाय जुळवायच्या भानगडीत पडू नका. बँक खात्यातून केलेल्या साध्या यूपीआयला दुकानदाराकडून असं कमिशन जात नाही, तिथे रक्कम पूर्ण येते.

*चार्जेस ५९०.* ५०० आणि जीएसटी ९०. दोन्ही मिळून ५९० बँक चार्जेसला मारून टाकतात लोक, आणि वर्षभरात जेवढा जीएसटी जमला असता तेवढं इनपुट क्रेडिट, म्हणजे आपल्याला भरायच्या जीएसटीतून वजा मिळणारी रक्कम, सोडून देतात. दुकान रजिस्टर्ड असेल, कंपोझिशनमध्ये नसेल, तर ९० वेगळे दाखवा. पण ते जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या आपल्या क्रेडिटच्या पत्रकात, दिसायला बँकेकडे आपला जीएसटी नंबर नोंदवलेला पाहिजे, तो बऱ्याचदा नसतो, एकदा शाखेत जाऊन देऊन या. कार्डच्या ७२ चं आणि रिटर्नच्या ४५ चंही तेच.

*चेक ४०७.* पत्रकाच्या शेवटी १८० चा फरक राहिला असता तो याचा. मुलाने चेक फाडला ७,३५० चा, वहीत लिहिला ७,५३०. आकड्यांची अदलाबदल. याची एक जुनी खूण आहे, फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत असा संशय घ्या. १८० ला नवाने भागलं, २० आले. आणि उरलेला फरक बरोबर निम्मा केल्यावर जी रक्कम येते ती वहीत कुठे दिसली, तर ती चुकीच्या बाजूला लिहिली गेलीय का बघा. हे नुसते संशय आहेत, ९ ने भाग जाणाऱ्या दुसऱ्याही शंभर रकमा असतात, काउंटर बघूनच खात्री करा. इथे चेकबुकच्या काउंटरवर ७,३५० होते, सप्लायरचं बिलही तेवढ्याचंच, म्हणजे चूक आपलीच. कॅशबुकात १८० परत बँकेला डेबिट, सप्लायरला क्रेडिट. काउंटरवरही ७,५३० असते आणि बँकेने ७,३५० दिले असते तर मात्र चेकची इमेज मागायची.

पाचवी पायरी: बेरीज

आधी कॅशबुक दुरुस्त करून घ्या, मग पत्रक. बरीच पाठ्यपुस्तकं सगळ्या ओळी एकाच पत्रकात घालून फरक काढून दाखवतात, परीक्षेत ठीक आहे, पण खऱ्या कामात तसं केलं की पत्रक जुळतं आणि चार्जेसची एंट्री मात्र वहीत कधीच होत नाही, पुढच्या महिन्यात तेच ५९० परत पत्रकात, त्याच्या पुढच्या महिन्यात परत. वर्षानुवर्षं तीच ओळ पुढे ओढलेली पत्रकं मी बघितलीत.

कॅशबुकची शिल्लक १,४७,३८०
एनईएफटी मिळवा ९,४००
चेक ४०७ ची दुरुस्ती मिळवा १८०
परत आलेला चेक आणि दंड वजा १५,२९५
कार्ड कमिशन वजा ४७२
चार्जेस वजा ५९०
दुरुस्त शिल्लक १,४०,६०३

ताळेबंदात बँक म्हणून जाणार ती ही १,४०,६०३. आधीची १,४७,३८० नाही आणि पासबुकची १,६२,३५३ तर नाहीच. शेठ लोक हमखास म्हणतात बँकेत तर एक बासष्ट दिसतायत, मग तुम्ही कमी का दाखवताय. त्यांना सांगायचं, त्यातले साडेचाळीस हजार कामाचे नाहीत, चेक लिहून दिलेत तुम्ही.

आता पत्रक, फक्त वाट बघायच्या राशीचं.

दुरुस्त कॅशबुक शिल्लक १,४०,६०३
दिलेले पण न वटलेले चेक मिळवा: ४१२ चे २८,५०० आणि ४१५ चे १२,०००, एकूण ४०,५००
भरलेला पण जमा न झालेला चेक वजा १८,७५०
पासबुकची शिल्लक १,६२,३५३

जुळलं. मिळवायचं का वजा करायचं हे पाठ करू नका. आपण चेक दिला तेव्हा आपल्या वहीतून पैसे गेले, बँकेतून अजून गेले नाहीत, म्हणजे बँकेत तेवढे जास्त दिसणार, म्हणून मिळवले. भरलेल्या चेकचं उलटं. पासबुकपासून सुरू करून कॅशबुककडे यायचं असेल तर सगळ्या खुणा उलट्या होतात.

आणि शेवटी दोन-पाचशे रुपये राहिलेच तर "फरक" नावाची एंट्री मारून मोकळं होऊ नका. वरच्या यादीत बघा, १५,२९५ एका दिशेला आणि ४०,५०० दुसऱ्या दिशेला असं असतानाही निव्वळ फरक पंधरा हजाराच्या आत दिसत होता. दिसणारे दोनशे रुपये म्हणजे आतमध्ये दहा हजार इकडे आणि नऊ हजार आठशे तिकडे असू शकतात.

टॅलीत करताना

TallyPrime मध्ये Banking मधून Bank Reconciliation उघडा, बँक निवडा, प्रत्येक एंट्रीसमोर Bank Date चा रकाना येतो, त्यात स्टेटमेंटमधली तारीख टाकायची. ड्रॉप बॉक्सच्या चेकसमोर २ एप्रिल, आणि अजून वटला नाही त्याच्यासमोर रकाना मोकळा. खाली Balance as per Bank येतं ते स्टेटमेंटच्या ३१ मार्चच्या शिल्लकेशी जुळलं की झालं. पोरांची सवय अशी की कंटाळा आला की सगळ्यांना व्हाउचरचीच तारीख टाकत सुटायचं, एंटर एंटर एंटर, आणि मग एकही चेक पेंडिंग नाही असं सुंदर पत्रक निघतं जे बँकेच्या शिल्लकेशी कधीच जुळत नाही. आणि एक, टॅलीला फक्त वहीत असलेल्या एंट्र्या दिसतात, बँकेने परस्पर कापलेले पैसे तुम्ही स्टेटमेंटमध्ये शोधून व्हाउचर टाकल्याशिवाय तिथे येणार नाहीत.

पत्रक झालं की पेंडिंग ओळींच्या मागे लागा

एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये १८,७५० दोन तारखेला जमा दिसले, टिक. ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर क्लिअरिंगला जात राहतात, सकाळी भरलेला बऱ्याचदा त्याच दिवशी जमा होतो, त्यामुळे भरलेला चेक आठवडाभर दिसत नसेल तर हल्ली स्लिपचा काउंटर घेऊन शाखेत जायचं, अजून थोडं थांबू असं म्हणायचं नाही. वायरवाल्याचा ४१२ चार एप्रिलला वटला, टिक.

गोडाउनचा ४१५ मात्र एप्रिल संपला तरी तसाच. चेकवरच्या तारखेपासून तीन महिने तो चालतो, म्हणजे जूनअखेरपर्यंत, त्यानंतर बँक घेणार नाही. तीन महिने उलटले तर कॅशबुकात उलटी एंट्री करायची, बँक डेबिट आणि गोडाउन मालक क्रेडिट. भाडं माफ झालेलं नसतं, ते देणं परत उभं राहतं, त्यामुळे ते उत्पन्नाला टाकायचं नाही. आम्ही मे महिन्यात मालकांना फोन लावला, काका, चेक टाकला नाहीत का अजून. ते म्हणाले थांब बघतो, मग कपाट उघडल्याचा आवाज, बराच वेळ खुडबुड, आणि मग म्हणाले अगं हो, हा काय, लाइट बिलाच्या पाकिटात राहिलाय.